पसरवलेला सिग्नल जॅमरखाली बुडत का नाही?

प्रश्न : ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्प्रेड स्पेक्ट्रममुळे नॅरोबँड जॅमिंगला तोंड देता येतं, असं शिकवलं. पण शक्ती तेवढीच ठेवून सिग्नल दहापट रुंद केला, तर दर हर्ट्झमागे तो दहापट दुबळाच होणार ना? मग जॅमर त्याला आणखी सहज का गाडत नाही? डायरेक्ट सिक्वेन्स आणि फ्रीक्वेन्सी हॉपिंग, दोन्हींत हे कसं होतं? आणि आमच्या प्रोजेक्टचे २.४ गिगाहर्ट्झचे सेन्सर नोड वाय-फाय असलेल्या शेडमध्ये बसवायचे आहेत, तिथे यातलं कोणतं घ्यावं?

उत्तर :

तुमचा हिशेब अँटेनापर्यंत अगदी बरोबर आहे. तिथे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावलात तर जॅमरचा सुळका दिसेल आणि सिग्नल त्याच्या पायथ्याशी सपाट पडलेला असेल, कदाचित दिसणारही नाही. घोटाळा पुढे होतो. बिट शून्य की एक, हे रिसीव्हर अँटेनापाशी ठरवत नाही. आधी तो आलेल्या सिग्नलला कोडने गुणतो, मग बेरीज करतो आणि त्या बेरजेवरून ठरवतो. त्या गुणाकारात अरुंद कोण आणि रुंद कोण याची अदलाबदल होते. हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून एक बिट हाताने सोडवू. वही घ्या.

१९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात, म्हणजे ८०२.११ मध्ये, डायरेक्ट सिक्वेन्ससाठी ११ चिपांचा बार्कर कोड होता. त्यात सहा अधिक आणि पाच उणे आहेत. बिट +१ असेल तर कोड जसाच्या तसा पाठवायचा, −१ असेल तर उलटा. आपण −१ पाठवू. प्रत्येक चिपची उंची १ धरू. आता सिग्नलच्या नेमक्या मध्य-फ्रीक्वेन्सीवर एक जॅमर बसलाय आणि बिटभर त्याची किंमत सलग +५ आहे असं समजू. म्हणजे उंची पाचपट, शक्ती पंचवीसपट. रिसीव्हरला मिळतं ते असं :

```
code      +1 -1 +1 +1 -1 +1 +1 +1 -1 -1 -1
received   4  6  4  4  6  4  4  4  6  6  6
product   +4 -6 +4 +4 -6 +4 +4 +4 -6 -6 -6
sum       24 - 30 = -6
```

मधली ओळ पाहा. सगळे आकडे अधिक आहेत, जॅमरने सिग्नल पुरता गिळलाय. तरी शेवटची बेरीज उणे आली, म्हणजे बिट −१, आणि पाठवलाही तोच होता. आता हेच कोडशिवाय करा. बिटभर −१ पाठवा, त्यावर +५ चढवा, ११ नमुन्यांची बेरीज ४४. रिसीव्हर ठामपणे +१ म्हणणार आणि चुकणार. पाठवलेली शक्ती दोन्ही वेळा तेवढीच होती.

फरक पडला तो गुणाकारांच्या संख्येमुळे. सिग्नल कोडने दोनदा गुणला गेला, एकदा ट्रान्समीटरमध्ये आणि एकदा रिसीव्हरमध्ये. अधिक-उणे दोनदा लागलं की मूळ किंमत परत येते, म्हणून अकराही चिपा एकाच बाजूला ओढतात आणि −११ होतात. जॅमर मात्र एकदाच गुणला गेला. त्याचे सहा तुकडे अधिक झाले, पाच उणे झाले, आपसांत खपले आणि हाती फक्त +५ उरला. फ्रीक्वेन्सीच्या भाषेत, सिग्नल आकसून अरुंद झाला आणि जॅमर पसरून रुंद झाला. पुढचा फिल्टर डेटापुरताच रुंद असतो, त्यामुळे जॅमरचा बहुतेक भाग बाहेरच राहतो.

इथे माझी एक लबाडी कबूल करतो. नेमका मध्यावर बसलेला जॅमर मी मुद्दाम निवडला, कारण या कोडचे अधिक-उणे तिथे जवळजवळ पूर्ण खपतात. जॅमर थोडा बाजूला सरकला की त्याची फेज चिपागणिक फिरत जाते आणि खपणं इतकं छान जमत नाही. मग एकच्या ऐवजी त्याच्या उंचीच्या साडेतीन-पावणेचार पट उरतं. तेव्हा पाचपट उंचीचा जॅमर बिट पाडेल, तीनपटीच्या आसपास सीमा येईल. उंची तीनपट म्हणजे शक्ती साधारण दहापट, अर्थात १० डेसिबल. ज्याला प्रोसेसिंग गेन म्हणतात तो हाच. चिप-दर भागिले बिट-दर, इथे ११, म्हणजे १०.४ डेसिबल. तोही पूर्ण खर्चायला मिळत नाही. बिट नीट वाचायला सिग्नल नॉइजच्या वर किती हवा, ते त्यातून वजा करायचं, रिसीव्हरमधले तोटे वजा करायचे, आणि उरेल ती जॅमिंग मार्जिन. इंटरव्ह्यूला आलेली मुलं गेन सांगतात आणि मार्जिन विसरतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पसरवल्यामुळे साध्या थर्मल नॉइजवरही मात होते, असं समजणं. होत नाही. रुंद रिसीव्हर आत येताना नॉइजही अकरापट घेतो आणि आकसताना अकरापट टाकतो, हिशेब शून्य. फायदा मिळतो तो ज्याच्याकडे शक्ती मर्यादित आहे आणि जो ती एका जागी ओततोय, त्याच्याविरुद्ध. त्याच जॅमरने तीच शक्ती तुमच्या सगळ्या बँडभर सारखी पसरली, तर डायरेक्ट सिक्वेन्सचा रिसीव्हर त्याला नॉइजसारखंच वागवतो. मात्र तुमची जागा जेवढी रुंद, तेवढं त्याचं ओतणं पातळ होतं.

मार्जिन कुठे संपते हे जीपीएसवर चांगलं दिसतं, कारण तिथे गेन अवाढव्य आहे. चिप-दर सेकंदाला १०.२३ लाख, डेटा सेकंदाला फक्त ५० बिट. भागाकार २०,४६० येतो, म्हणजे ४३ डेसिबल. बिट वाचायला साधारण १० आणि तोट्यांपायी २ सोडा, ३१ उरले. जॅमर सिग्नलपेक्षा हजारपट जोरदार असला तरी चालेल, असा त्याचा अर्थ. ऐकायला भरपूर वाटतं. पण जमिनीवर पोचणारा जीपीएस सिग्नलच उणे १२८ डीबीएमच्या आसपास असतो. एक मिलिवॅटचा जॅमर एक किलोमीटरवर, मध्ये काही आडवं नाही असं धरलं, तर १५७५ मेगाहर्ट्झला वाटेत सुमारे ९६ डेसिबल जातात आणि तो उणे ९६ ला पोचतो. सिग्नलच्या ३२ डेसिबल वर. म्हणजे एका मिलिवॅटने एवढा मोठा गेन काठावर आणला. गेन कितीही असो, गणित नेहमी जॅमर आणि सिग्नलच्या गुणोत्तराचं असतं, आणि दूरच्या उपग्रहाची बाजू त्यात मुळातच लंगडी असते.

यावरून माझ्याकडे आलेलं एक काम आठवतं. एका कंट्रोल रूमच्या गच्चीवर वेळ जुळवण्यासाठी जीपीएस रिसीव्हर बसवला होता आणि तो अधूनमधून लॉक सोडायचा. जागेवरच्या माणसांनी आधी केबलला दोष दिला, पावसाळा होता, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल म्हणून. पण लॉग पाहिला तर उपग्रहांची ताकद एकदम सगळ्यांची पडत नव्हती. एकाची मिनिट-दोन मिनिटं खाली जायची, तो सावरायचा, मग दुसऱ्याच कुणाची. केबलमध्ये पाणी असतं तर सगळे एकत्र बुडाले असते. रुंद नॉइज असता तरी तेच. एकेक करून पडणं ही अरुंद सुराची खूण आहे.

कारण असं की जीपीएसचा नागरी कोड १०२३ चिपांचा आहे आणि दर मिलिसेकंदाला तोच परत येतो. जे दर मिलिसेकंदाला परत येतं त्याचा स्पेक्ट्रम सलग नसतो. एकेक किलोहर्ट्झ अंतरावर त्याच्या बारीक रेषा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि काही दात बाकीच्यांपेक्षा लांब असतात. अरुंद सूर दोन दातांच्या मध्ये पडला तर तो छान खपतो. नेमका लांब दातावर पडला तर नीट खपत नाही. प्रत्येक उपग्रहाचा कोड वेगळा आणि डॉपलरही वेगळा, शिवाय डॉपलर सतत बदलतो, म्हणून कंगवे त्या सुरावरून सरकत राहतात. ज्याचा लांब दात सुरावर आला तो उपग्रह तेवढ्यापुरता पडतो.

मग अ‍ॅनालायझरवर बारीक सुळका सापडला, १५७५ मेगाहर्ट्झच्या जवळपास. जीपीएसची मध्य-फ्रीक्वेन्सी १५७५.४२, तेव्हा सुळका बँडच्या अगदी आत. त्याच खांबावर, अँटेनापासून हातभर अंतरावर, एक नेटवर्क कॅमेरा होता. इथरनेटच्या चिपला बहुधा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. २५ गुणिले ६३ किती, करून पाहा. कॅमेऱ्याचा प्लग काढला, सुळका गेला. कॅमेरा दुसऱ्या खांबावर नेला, केबलवर फेराइट चढवला आणि तक्रार मिटली. कॅमेरा सदोष होता असंही नाही, त्याची गळती त्याच्यापुरती नगण्य होती. उणे १२८ डीबीएमच्या शेजाऱ्यापाशी नगण्य असं काही नसतं, एवढंच.

डायरेक्ट सिक्वेन्सची खरी कमजोरी मात्र कोडमध्ये नसते, ती कोडच्या आधी असते. गुणाकार होतो तो अँप्लिफायर आणि एडीसी यांच्यानंतर. जॅमर इतका जोरदार असेल की अँप्लिफायर दबला किंवा एडीसी टोकाला टेकला, तर सिग्नल तिथेच चिरडला जातो आणि पुढचा कोड चिरडलेलंच गुणत बसतो. वरच्या उदाहरणात एडीसीने प्रत्येक नमुन्याचं फक्त चिन्ह ठेवलं असतं, तर मधल्या ओळीत अकरा अधिकच उरले असते. त्यांना कोडने गुणून बेरीज +१ येते, बिट चुकला. गेन कागदावर १०.४ च राहतो, हाती काही लागत नाही. रिसीव्हर आपला एजीसी दाखवत असेल तर तिकडे लक्ष ठेवा. सिग्नल वाढलेला नसताना एजीसी गेन खाली ओढतोय, म्हणजे कुणीतरी दारातच उभा आहे.

आता हॉपिंग. हॉपिंग जॅमरला खपवत नाही, टाळतं. जुन्या ब्लूटूथचं उदाहरण घ्या. एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल, सेकंदाला १६०० उड्या, प्रत्येक थांबा ६२५ मायक्रोसेकंदांचा. एका चॅनलवर जॅमर बसला तर ७९ पैकी एक थांबा त्याच्या तोंडी जातो. पण जो जातो तो पूर्ण जातो. त्या थांब्यात निम्मे बिट निव्वळ नशिबाने बरोबर येतील, निम्मे चुकतील, म्हणजे एकूण चूक १५८ त १, सुमारे ०.६ टक्के. आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसते. ट्रान्समीटरची शक्ती वाढवलीत तरी हा ०.६ टक्का सहजी हलत नाही, कारण उरलेले ७८ थांबे आधीच स्वच्छ आहेत आणि तो एक थांबा जॅमरचाच आहे. म्हणून नुसतं हॉपिंग अपुरं असतं. त्याला एररकरेक्शन तरी हवं, किंवा हरवलेलं पॅकेट पुढच्या थांब्यावर परत पाठवायची सोय तरी हवी. ती असली की नुकसान फक्त थोड्या उशिराचं.

याची दुसरी बाजू अशी की त्या एका चॅनलवरचा जॅमर सिग्नलच्या वीसपट आहे की वीस हजारपट, याचा हॉपिंगला फारसा फरक पडत नाही. रिसीव्हरचा अँप्लिफायर दबत नाही आणि फिल्टर शेजारचा चॅनल नीट अडवतो, तोवर तोटा ७९ त १ च राहतो. डायरेक्ट सिक्वेन्सचं उलट आहे. मार्जिनच्या आत असेपर्यंत एकही बिट जात नाही, मार्जिन ओलांडली की सगळंच जातं. डायरेक्ट सिक्वेन्समध्ये मार सगळ्या बिटांवर थोडाथोडा वाटला जातो, हॉपिंगमध्ये थोड्या बिटांवर सगळा पडतो. कुठला जॅमर समोर आहे हे माहीत नसेल तर यातलं चांगलं कोणतं, याला उत्तर नाही.

हॉपिंगवर हुशार जॅमर उलटतो तो पाठलाग करून. हा सूरपारंब्यांचा खेळ आहे. ज्याच्यावर राज्य आहे तो तुम्ही कोणत्या फांदीवर आहात ते पाहून तिकडे झेपावतो, आणि तो पोचायच्या आत तुम्ही उडी मारायची. त्याला तुमची फ्रीक्वेन्सी शोधायला, ट्यून व्हायला आणि त्याच्या लहरीला पोचायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा थांबा लहान हवा. ६२५ मायक्रोसेकंदांत लहर १८७ किलोमीटर जाते, म्हणजे या वेगाच्या उड्यांना अंतराचं संरक्षण नाही. लष्करी रेडिओत थांबे छोटे ठेवण्यामागे आणि उड्यांचा क्रम गुप्त ठेवण्यामागे हेच आहे. तुमच्या शेडमध्ये कुणी पाठलाग करणार नाही, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडू.

आता शेड. इथे एक गोष्ट तुमच्या प्रश्नात दडली आहे : वाय-फाय हा नॅरोबँड जॅमर आहे का? ते तुम्ही कोण आहात यावर आहे. झिगबीसारखे ८०२.१५.४ चे नोड सेकंदाला २० लाख चिपा आणि अडीच लाख बिट पाठवतात, म्हणजे गेन ९ डेसिबल आणि रुंदी सुमारे २ मेगाहर्ट्झ. वाय-फाय २० मेगाहर्ट्झ रुंद. तुमच्या नोडच्या नजरेतून तो अरुंद सुळका नाहीच, अंगावर पडलेली गोधडी आहे. त्याच्या शक्तीचा दहावा हिस्सा तुमच्या पट्ट्यात पडतो आणि तो दहावा हिस्सा तुमचा कोड नॉइजसारखाच घेतो. डायरेक्ट सिक्वेन्स आहे म्हणून वाय-फायपासून सुरक्षित, हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. उलट ७९ चॅनलांवर फिरणाऱ्या ब्लूटूथला तोच वाय-फाय म्हणजे बँडचा पाव भाग. तो भाग टाळता येतो. ब्लूटूथच्या १.२ आवृत्तीपासून खराब चॅनल क्रमातून वगळायची सोय आहे, फक्त किमान २० चॅनल ठेवावे लागतात.

तुम्हाला काय घ्यावं ते तीन गोष्टींवर ठरेल : वाय-फाय कुठल्या चॅनलवर आहे आणि किती बोलतो, तुमच्या डेटाला उशीर किती चालतो, आणि बॅटरी किती दिवस पुरवायची आहे. शेडमधले राउटर तुमच्या ताब्यात असतील, १, ६ आणि ११ वरच बांधलेले असतील, आणि नोड मिनिटाला एकदाच तापमान पाठवत असतील, तर मी साधा झिगबी नोड घेऊन त्याला २६ व्या चॅनलवर, म्हणजे २४८० मेगाहर्ट्झवर ठेवेन. वाय-फायचा ११ वा चॅनल २४७२-७३ ला संपतो, त्यामुळे तिथे मोकळीक असते. फक्त मॉड्यूलची डेटाशीट पाहा, बँडच्या काठावर असल्याने काही मॉड्यूल २६ वर शक्ती कमी करतात.

राउटर दुसऱ्याचे असतील आणि उद्या चॅनल बदलतील अशी भीती असेल, तर हॉपिंग घ्या. कारखान्यांसाठीचं वायरलेसहार्ट दोन्ही एकत्र वापरतं : प्रत्येक थांब्यात ८०२.१५.४ चा डायरेक्ट सिक्वेन्स, आणि थांबे ११ ते २५ या पंधरा चॅनलांवर फिरते. वाय-फायचा ६ वा चॅनल त्यातले १६ ते १९ असे चार व्यापतो. वाय-फाय अखंड बोलतोय असं वाईटात वाईट धरलं, तरी सलग तीन प्रयत्न त्याच चारांत पडण्याची शक्यता चार-पंधरांशाचा घन, म्हणजे शंभरात दोनच्या आत. किंमत म्हणून सगळ्या नोड्सची घड्याळं जुळवून ठेवावी लागतात, आणि बॅटरी तिथे खर्च होते.

एवढं करून बसवल्यावर नोडकडून फक्त एकूण लॉस मागू नका. चॅनलनिहाय लॉस आणि त्याच वेळचा आरएसएसआय लॉग करा, आठवडाभर. आरएसएसआय चांगला आणि लॉस तीन-चार शेजारच्या चॅनलांतच असेल, तर तो वाय-फाय आहे, चॅनल वगळा. लॉस एकाच चॅनलवर असेल तर कुठलातरी अरुंद सूर आहे, जवळपासचा पॉवर सप्लाय किंवा कॅमेरा एकेक करून बंद करून बघा. आणि आरएसएसआय चांगला असून लॉस सगळ्याच चॅनलांवर सारखा असेल, तर गेटवे राउटरला खेटून बसवलाय का ते आधी बघा. बहुतेक वेळा बसवलेला असतो, कारण प्लगपॉइंट तिथेच असतो. त्याला दोन-तीन मीटर दूर न्या आणि मग पुन्हा लॉग घ्या.